रोजच्या पाट्यांवरची अक्षरं: खरंच एवढा फरक पडतो का?

तिसरा_बाक: कॉलेजच्या डिझाइन क्लबमध्ये दहा मिनिटं बोलायचं आहे. विषय: रोजच्या पाट्यांमध्ये टायपोग्राफी का महत्त्वाची. ऐकणारे निम्मे इंजिनिअरिंगचे आहेत. वर्गातच दाखवता येईल असं मुंबईतलं एक उदाहरण हवंय. कोणतं घेऊ?

अक्षरजुळारी: भांडुप घ्या. भ आणि म दुरून वेगळे कळतात ते मुख्यतः भ च्या डोक्यावरच्या रेघेत असलेल्या फटीमुळे. ध आणि घ चंही तसंच. फाँट जाड आणि अरुंद असला की ही फट जवळून दिसते, दुरून बुजते. मग भांडुपचं मांडुप होतं, धारावीचं घारावी. बोरीवलीच्या ब च्या पोटातली तिरकी रेघ मिटली की उरतो तो व.

इंजिनिअरिंगवाल्यांना हे आकड्यांत सांगा. चांगल्या नजरेच्या माणसालाही साधारण एक मिनिट कोनापेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. 30 मीटरवर तो जवळजवळ 9 मिलिमीटर होतो. समजा, पाटीवरचं अक्षर रेघेपासून पायापर्यंत 12 सेंटिमीटर आहे आणि जाड वळणात भ ची फट आहे 6 मिलिमीटर. पाटीजवळ उभ्या असलेल्या मालकाला सगळं ठीक वाटेल, रस्त्यापलीकडच्या माणसाला मात्र ती फट दिसणारच नाही.

हेच वर्गात पाचपट लहान करून दाखवता येतं, कारण अंतर आणि आकार एकाच पटीत कमी केले की डोळ्याशी होणारा कोन तोच राहतो. 2.4 सेंटिमीटरचं अक्षर कागदावर छापा आणि 6 मीटरवरून वाचायला लावा. एका कागदावर जाड वळण, दुसऱ्यावर मध्यम. शब्द ओळखीचे नकोत, नाहीतर मुलं अंदाजाने बरोबर सांगतील.

रोजचा_प्रवासी: शेवटच्या वाक्यात तुम्ही स्वतःच उत्तर दिलंत. अंदाजाने बरोबर सांगतात, म्हणजे फट दिसो न दिसो, काम होतंच की. मध्य रेल्वेने जाणारा माणूस नाहूर गेलं की उठून दाराशी जातो, पाटी वाचत बसत नाही. दुकानं रंगावरून आणि जागेवरून ओळखू येतात. फाँटचा एवढा ऊहापोह फक्त डिझाइनवाले करतात.

अक्षरजुळारी: रोजच्या माणसाबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. पण पाटी मुळात लावतात ती पहिल्यांदा आलेल्या माणसासाठी. शिवाय चुकीचं वाचन निरर्थक असेल तरच संदर्भ मदत करतो. ‘मांडुप’ नावाचं स्टेशन नाही, म्हणून मन दुरुस्ती करतं. भाटे आणि माटे ही दोन्ही खरी आडनावं आहेत. एकाच इमारतीत दोघांचे दवाखाने असले तर बाहेरून आलेल्या पेशंटने अंदाज कशावरून बांधायचा? बसच्या क्रमांकाचंही तेच. १ आणि ९ दोन्ही शक्य असतात, शेजारचा आकडा त्यात काही सांगत नाही.

तिसरा_बाक, कागदावर भाटे/माटेच छापा. भांडुप फक्त सुरुवातीला दाखवा.

रोजचा_प्रवासी: दवाखान्याचं पटलं. पण मुंबईतल्या बहुतेक पाट्या तशा नसतात, हे तुमच्या भाषणात यायला हवं. एरवी ते एकतर्फी होईल.

गिरगावकर: मला वाटतं मूळ मुद्दा मराठी पाट्यांचा आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नकोत. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्यामुळे वाद कसला? दोन्ही ओळींना सारखाच पॉइंट साइज द्यायचा, विषय संपला.

वेलांटी_उकार: कायद्याचं बरोबर, उपाय अर्धा. पॉइंट साइज हे अक्षराचं माप नाही, ते अक्षर ज्या चौकटीत बसतं तिचं माप आहे. देवनागरीला त्या चौकटीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार बसवायचे असतात, म्हणून मधलं अक्षर आखूड होतं. कॅपिटलमधल्या इंग्रजीला वरखाली काहीच नसतं.

‘श्री गुरुकृपा ड्रायफ्रूट्स’ हे नाव धरा. पाटी 60 सेंटिमीटर उंच, दोन ओळींना 30-30. कृ आणि फ्रू खाली उतरतात, श्री ची वेलांटी वर जाते. त्या 30 मधून रेघेपासून पायापर्यंतच्या अक्षराला जेमतेम 17 मिळतात. खाली इंग्रजी कॅपिटल सहज 24 चे बसतात. समान वाटणी करूनही मराठी लहानच दिसते. त्याऐवजी मराठीला 36 आणि इंग्रजीला 24 द्या. मराठी अक्षर 20 च्या आसपास येतं, इंग्रजी 18 वर थांबवायचं. मोजताना पट्टी शिरोरेषेवर ठेवून अक्षराच्या पायापर्यंत न्या, मात्रा सोडून.

दुकानाचं नाव ‘वडापाव’ असतं तर वरखाली काहीच नाही, त्याच जागेत अक्षर कितीतरी मोठं झालं असतं. म्हणून एकापेक्षा जास्त पाट्या करताना प्रत्येक नाव चौकटीत ठासून भरू नये. तसं केलं तर दादर भलंमोठं आणि कांजूरमार्ग बारीक दिसेल. सगळ्यात अडचणीचं नाव आधी बसवायचं आणि त्याचीच अक्षरउंची बाकीच्यांना द्यायची. हाताने रंगवणारे जुने पेंटर हे फार सुंदर सोडवायचे: उकार थोडा चपटा करून बाजूला सरकवायचे, अक्षराला हात लावायचे नाहीत.

गिरगावकर: मग तपासायला येणारा अधिकारी काय मोजणार? मात्रेसकट मोजलं तर 30-30 वालाही पास होईल.

वेलांटी_उकार: होईल. तरतुदीत अक्षरांचा आकार एवढंच आहे, कुठून कुठपर्यंत हे फोडून सांगितलेलं नाही. मला ही उणीव वाटते.

फ्लेक्स_लालबाग: आमच्याकडे नाव व्हॉट्सअॅपवर येतं आणि बोर्ड संध्याकाळपर्यंत हवा असतो. नाव लांब असलं तर गिऱ्हाईक सांगतं, दाबून बसवा. अक्षर आडवं दाबलं की उभे दंड बारीक होतात आणि शिरोरेषा आहे तेवढीच जाड राहते, मग सगळं रेघेला लटकल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा मी अरुंद वळणाचा फाँट घेतो. अक्षरांमधलं अंतर वाढवायचं तर मराठीत जपून, शिरोरेषा जागोजाग तुटते.

दुसरं, व्हिनाइल कापायच्या आधी कोरलड्रॉमध्ये अक्षरं कर्व्हमध्ये बदलून `Weld` करावीच लागतात. शिरोरेषा प्रत्येक अक्षराची वेगळी असते आणि शेजारच्यावर थोडी चढलेली असते. वेल्ड नाही केलं तर प्लॉटर प्रत्येक जोडावर आडवा काप देतो आणि उन्हात तिथूनच सोलायला लागतं. इलस्ट्रेटरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडली किंवा जोडाक्षर सुटलं तर पॅराग्राफ पॅनेलमध्ये `Adobe World-Ready Single-line Composer` निवडा. मुलांना हे नक्की सांगा.

तिसरा_बाक: भाटे/माटेने सुरुवात करतो, मग वडापाव आणि गुरुकृपा. रात्रीच्या पाटीबद्दल काही? आतून दिवा असेल तर अक्षर जाड घ्यायचं की बारीक?

अक्षरजुळारी: काळ्यावर पांढरं प्रकाशमान अक्षर असेल तर एक पायरी बारीक. उजेड कडेबाहेर पसरतो आणि भ ची फट दोन्ही बाजूंनी खातो.

फ्लेक्स_लालबाग: एलईडी अक्षरात बारीक दंड घेतला तर मॉड्यूलच मावत नाही, मधेमधे काळोखे पट्टे दिसतात. मी जाडच ठेवतो आणि भ, ध ची फट हाताने रुंद करतो.

अक्षरजुळारी: फट रुंद केली की डावीकडची गाठ आखडते, मग भ वेडावाकडा दिसतो. उजेड कमी करणं मला जास्त पटतं.

फ्लेक्स_लालबाग: उजेड कमी करा म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानाच्या बोर्डाकडे बोट दाखवतं.