मदत हवी आहे: जर्मनीतल्या जुन्या प्रश्नपत्रिका वाचायच्या कशा?

नमस्कार मंडळी. मी जर्मनीत मास्टर्स करतेय, फेब्रुवारीत कंट्रोल इंजिनिअरिंगची लेखी परीक्षा आहे. विभागाच्या संग्रहातून जुन्या प्रश्नपत्रिका आणि सरांच्या नोट्स मिळाल्या. उत्तरं मात्र नाहीत, फक्त प्रत्येक उपप्रश्नाचे गुण छापलेत.

पुण्यात ‘कोणतेही पाच सोडवा’ असायचं. इथे ९० मिनिटांत सगळंच सोडवायचं, आणि सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेला एक ए-फोर कागद चालतो. अलीकडच्या पेपरांत निव्वळ गणितापेक्षा ‘आकृती काढा आणि कारण द्या’ हेच जास्त आहे. त्याआधीचे पेपर दुसऱ्या प्राध्यापकांचे आहेत, त्यांची चिन्हंसुद्धा नोट्सशी जुळत नाहीत, म्हणून ते मी बाजूला ठेवलेत.

मी अडलेय ते इथे. ओपन लूप `G(s) = K/(s(s+1)(s+2))` दिलंय, स्थिरतेसाठी K ची मर्यादा विचारलीय. हुरविट्झने `0 < K < 6` आलं. पुढचा उपप्रश्न: नायक्विस्ट आकृती काढून तेच दाखवा. आलेख ऋण वास्तव अक्षाला `-K/6` ला छेदतो, म्हणजे उत्तर जुळतंय. पण नोट्समध्ये छेदबिंदूची आकडेमोड दाखवलेलीच नाही, फक्त आकार आहे.

तिथे शिकलेल्यांनी सांगा ना: `ω = √2` काढून दाखवल्याशिवाय पूर्ण गुण मिळतात का? आधीच्या सत्रात निकालानंतर तपासलेली उत्तरपत्रिका पाहायला गेलेल्या कोणाला गुण नेमके कशाचे कापले ते आठवतंय का? आणि त्या एका कागदावर सूत्रं लिहिलीत की सोडवलेली उदाहरणं?