हिट अँड रनचे दोन लाख: नादी लागावं की लागू नये?

सडेतोड सोलापूरकर
अज्ञात वाहनाने माणूस उडवला की सरकार दोन लाख देतं, असं कुणीतरी घरच्यांच्या डोक्यात भरवतं. मग पोलीस स्टेशन, तहसील, पुन्हा पोलीस स्टेशन. कागद संपत नाहीत. माझं स्पष्ट मत: या योजनेच्या नादी लागू नका. वकील गाठा आणि सरळ अपघात न्यायाधिकरणात दावा टाका. तिथे पंचवीस-तीस लाख मिळतात.

दप्तरदार
दावा टाकायचा कुणाविरुद्ध, साहेब? न्यायाधिकरणात समोर गाडीमालक आणि त्याची विमा कंपनी लागते. गाडीच सापडली नसेल तर नोटीस हवेत पाठवणार का? मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालची योजना अशा वेळेसाठीच आहे, जेव्हा प्रयत्न करूनही गाडीची ओळख पटत नाही. मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला पन्नास हजार. चूक कुणाची होती हे इथे सिद्ध करावं लागत नाही.

चकरा होतात हे खरं, पण बहुतेक चकरा पहिला अर्ज चुकीच्या दारात गेल्यामुळे होतात. समजा माणूस बार्शीचा आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर इंदापूरच्या हद्दीत त्याला कुणीतरी उडवलं आणि सोलापूरच्या दवाखान्यात तो गेला. घरचे बार्शी तहसीलला अर्ज देतात आणि तो तिथेच पडून राहतो. अपघात जिथे झाला त्या तालुक्याचा दावा चौकशी अधिकारी, म्हणजे इंदापूरचा तहसीलदार किंवा प्रांत, तो अर्ज घेतो आणि मंजुरी पुण्याचे जिल्हाधिकारी देतात. बार्शी आणि सोलापूर या दोन्ही ठिकाणांचा त्याच्याशी संबंध नाही. गुन्हा सोलापुरात शून्य क्रमांकाने नोंदला असेल तर तो इंदापूर पोलिसांकडे वर्ग होऊन तिथला क्रमांक पडला का, हे आधी पाहायचं. अर्जावर तोच क्रमांक टाकायचा.

अर्ज नमुना १ मध्ये. सोबत एफआयआरची प्रत, शवविच्छेदन अहवाल, मयताची आणि अर्जदाराची ओळखपत्रं, पासबुकाची प्रत आणि नमुना ४ मधलं हमीपत्र. चौकशी एक महिन्यात, मंजुरी पंधरा दिवसांत, त्यानंतर जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून पंधरा दिवसांत पैसे थेट खात्यात. कागदावरची ही मुदत दोन महिन्यांची आहे. प्रत्यक्षात जास्त लागतात, पण ते 'नादी लागू नका' म्हणण्याचं कारण होत नाही. दाखल केलेल्या अर्जाची पोच मात्र शिक्क्यासह घ्यायची, नाहीतर महिना कधी सुरू झाला हेच कुणी मान्य करत नाही.

बाजारपेठ पंढरपूर
दोन लाख कसले? पंचवीस हजार मिळतात. आमच्या गल्लीतल्या एका घराला तेवढेच मिळाले. आणि सहा महिन्यांत अर्ज केला नाही तर तेही नाहीत. उगाच लोकांना आशा लावू नका.

दप्तरदार
ती १९८९ ची सोलेशियम योजना. मृत्यूला पंचवीस हजार आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजार. १ एप्रिल २०२२ पासून नवी योजना लागू आहे. तुमच्या गल्लीतला अपघात त्याआधीचा असणार.

बाजारपेठ पंढरपूर
असेल. पण सहा महिन्यांचं मी हवेतून काढलेलं नाही.

ॲड. पायरीवरचा
बाजारपेठ अर्धे बरोबर आहेत. सहा महिन्यांची मुदत आजही आहे, पण ती न्यायाधिकरणातल्या दाव्याला. २०१९ च्या दुरुस्तीने ती आली आणि २०२२ पासून लागू झाली. तिच्यावरून न्यायालयात वाद चालू आहेत, पण त्या वादांवर विसंबून वेळ घालवू नये. खरी फसगत पुढे आहे. पोलीस म्हणतात 'तपास चालू आहे, ट्रक मिळेल'. घरचे थांबतात. सातव्या महिन्यात ट्रक मिळतो आणि विमा कंपनी पहिल्याच तारखेला मुदतीचा मुद्दा काढते. म्हणून इकडे तहसीलला अर्ज करून ठेवायचा, आणि तिकडे दर महिन्याला पोलिसांकडून तपासाची स्थिती लेखी मागायची.

सडेतोड सोलापूरकर
आणि ट्रक सापडला की दोन लाख परत करायचे! ते हमीपत्र त्यासाठीच लिहून घेतात. हे दप्तरदारांनी सोयीस्करपणे गाळलं.

दप्तरदार
गाळलं नाही, हमीपत्राचा उल्लेख वर आहे. ट्रक सापडला म्हणून लगेच काहीच परत द्यायचं नसतं. त्याच मृत्यूसाठी पुढे न्यायाधिकरणातून भरपाई मिळाली, तर त्यातून हे दोन लाख वळते होतात. म्हणजे बारा लाख मंजूर झाले तर हातात दहा येतात आणि आधीचे दोन मिळून बाराच होतात. यात घरच्यांचं नुकसान काय? उलट मधल्या काळात चूल पेटते.

चाक आणि क्लच
सगळे ड्रायव्हरला पळकुटा म्हणून मोकळे. रात्री गावाजवळ अपघात झाला आणि खाली उतरलं तर काय होतं हे एकदा बघा. जमाव आधी हात उचलतो, मग चूक कुणाची ते विचारतो. आणि सरकारने काय केलं, तर न्याय संहितेत दहा वर्षांची शिक्षा आणली. जानेवारी २०२४ मध्ये मनमाडजवळ पानेवाडीला टँकर उभे राहिले ते काही हौस म्हणून नाही.

पायी चालणारी
मग रस्त्यावर पडलेल्या माणसाने तुमची भीती समजून घेत मरायचं का?

चाक आणि क्लच
मी तसं म्हटलेलं नाही, ताई. एसी खोलीत बसून बोलणं सोपं असतं.

पायी चालणारी
मी बसस्टॉपवर उभी राहून लिहितेय, फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर. एसी कुठला काढलात?

ॲड. पायरीवरचा
ज्या कलमावरून संप झाला, ते १०६(२) अजून लागूच झालेलं नाही. बाकीची संहिता १ जुलै २०२४ ला आली, हे एक कलम मागे ठेवलं. आज लागतं ते १०६(१), पाच वर्षांपर्यंत. आणि चाक आणि क्लच, तुमच्या बाजूचाच कायदा तुम्ही वाचलेला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला दवाखान्यात नेणं ड्रायव्हरचं काम आहे, पण जमाव चिडलेला असल्यामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे. तिथून निघा, पण जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा, आणि कुठल्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत. दहा वर्षांचं कलमही न कळवता पळणाऱ्यासाठीच लिहिलेलं आहे. पुढच्या टोलनाक्यावरून ११२ ला फोन करायला कोणता जमाव अडवतो?

चाक आणि क्लच
फोन केला की मालक म्हणतो 'गाडी अडकवलीस', आणि पगार कापतो. हे कोणत्या कलमात आहे तेही सांगा.

पायी चालणारी
इथे मात्र तुमचं खरं आहे. पण पगार कापला म्हणून मेलेल्याच्या बायकोने तहसीलची पायरी झिजवायची, हे मला पटत नाही ते नाहीच.

वैशाली, माढा
भांडण संपलं असेल तर विचारते. मेहुण्याला टेंभुर्णीजवळ पिकअपने मागून ठोकलं, तो पळाला. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकला. पोलिसांनी लिहून घेतलंय की मोटरसायकल घसरून स्वतःच पडला. जबाब दिला तेव्हा तो शुद्धीत नव्हता, सही दुसऱ्याच कुणाची आहे. आम्हाला दोन लाख मिळतील ना?

दप्तरदार
ताई, तो जखमी आहे, म्हणून रक्कम पन्नास हजार. हाड मोडणं गंभीर दुखापतीतच मोडतं, पण डिस्चार्ज कार्डवर नुसतं 'आर.टी.ए.', म्हणजे रस्ता अपघात, लिहून भागत नाही. दुखापत गंभीर आहे असं स्पष्ट लिहिलेलं वैद्यकीय प्रमाणपत्र डॉक्टरांकडून घ्या, एक्स-रे अहवालासह.

खरी अडचण एफआयआरची आहे, आणि बहुतेक अर्ज तिथेच मरतात. 'स्वतः घसरून पडला' असं लिहिलं की दुसरी गाडीच नाही, मग योजना कुठून लागणार? मृत्यूच्या बाबतीत हेच नुसती अकस्मात मृत्यूची नोंद करून होतं. कागदावर 'अज्ञात वाहनचालकाविरुद्ध' हे शब्द यायलाच हवेत. मेहुण्याचा पुरवणी जबाब नोंदवायला लेखी अर्ज द्या. मोटरसायकलच्या मागच्या बाजूला लागलेला मार, फुटलेला टेललाइट, दुसऱ्या गाडीचा रंग घासलेला असेल तर तो, सगळ्याचे फोटो काढा आणि पंचनाम्यात त्यांचा उल्लेख आहे का पाहा. गाडी दुरुस्त करून बसू नका, तोच पुरावा आहे. वाटेत पेट्रोलपंप किंवा ढाबा असेल तर कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाण्याआधी मागा. ठाण्यात ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज, आणि तिथेही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे.

वैशाली, माढा
पिकअपच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे त्याला आठवतात. ते सांगितले तर 'गाडी सापडली' म्हणून पैसे नाकारतील का? म्हणून आम्ही ते लपवलेत.

ॲड. पायरीवरचा
लपवू नका! दोन आकड्यांनी ओळख पटत नाही. तपासात गाडी मिळाली तर न्यायाधिकरणात पन्नास हजारांच्या कितीतरी पट मिळेल. नाही मिळाली तर पोलिसांनी प्रयत्न केले याची ती नोंदच होईल.

विम्याचा हप्तेवाला
सगळे दोन लाखांवर अडकलेत. मोटरसायकलचा मालक स्वतः चालवताना गेला असेल, त्याच्याकडे वैध परवाना असेल आणि पॉलिसीत मालक-चालकाचं वैयक्तिक अपघात कव्हर असेल, तर त्याचे पंधरा लाख असतात. समोरची गाडी सापडण्याशी त्याचा संबंध नाही. घरच्यांनी पॉलिसीचा कागद उघडूनच पाहिलेला नसतो. शिवाय बँकेतून दरवर्षी २० रुपये कापले जात असतील, तर प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे दोन लाख वेगळे. मयत शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अर्ज.

सडेतोड सोलापूरकर
वा, आता चार ठिकाणी चकरा! माझा मुद्दा तोच. एवढं चांगलं चाललंय तर २०२२-२३ मध्ये देशभरातून फक्त २०५ दावे का आले? त्यातले ९५ निकाली. हिट अँड रनचे अपघात मात्र २०२२ या एका वर्षात ६७,३८७. सर्वोच्च न्यायालयाच्याच निकालातले आकडे आहेत.

दप्तरदार
आकडे बरोबर आहेत, आणि तुमचंच म्हणणं पाडतात. लोक नादी लागून थकले असते तर दावे पडून दिसले असते. इथे दावे आलेच नाहीत, कारण घरच्यांना कुणी सांगितलंच नाही. १२ जानेवारी २०२४ च्या त्याच निकालात पुढचं वाचा. गुन्हा नोंदल्यापासून एक महिन्यात गाडीचा तपशील मिळाला नाही, तर पोलिसांनी जखमीला किंवा वारसांना योजनेची माहिती आणि दावा चौकशी अधिकाऱ्याचा पत्ता लेखी द्यायचा आहे. अपघाताचा अहवालही महिन्यात त्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा आहे. वारसांकडून दावा आला नाही तर अधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, मग ते घरी संपर्क करून अर्ज भरायला मदत करतात, फुकट.

सडेतोड सोलापूरकर
असं पत्र आलेला एक माणूस दाखवा.

वैशाली, माढा
आम्हाला तर आलं नाही. अपघाताला दोन महिने होत आले. आणि तहसीलमध्ये म्हणाले 'अ समरी', म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही हा पोलिसांचा अहवाल, मंजूर होऊन आल्याशिवाय अर्ज घेणार नाही.

दप्तरदार
अ समरीची वाट पाहायची गरज नाही. ती न्यायालयात मंजूर व्हायला वर्ष सहज जातं. अर्ज स्वीकारत नसतील तर आवक विभागात द्या किंवा पोस्टाने पाठवा. सोबत वरच्या निकालाचा उल्लेख करून दोन ओळी लिहा आणि प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्या. या दाव्यांवर लक्ष ठेवणाऱ्या जिल्हा समितीत ते असतात, म्हणून तहसील कार्यालय त्यांच्या पत्राला उत्तर देतं. पण आधी एफआयआर. ती दुरुस्त होईपर्यंत माढ्याचं कार्यालय तुम्हाला परत पाठवेल, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

सडेतोड सोलापूरकर
म्हणजे शेवटी पोलीस स्टेशनच. मी पहिल्या ओळीत काय लिहिलं होतं?

ॲड. पायरीवरचा
पोलीस स्टेशन न्यायाधिकरणाच्या वाटेवरही लागतं, सोलापूरकर. वैशालीताई, पुरवणी जबाबाच्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर अपघाताची तारीख आणि गुन्हा क्रमांक लिहून ठेवा. मेहुण्याच्या सहीचा मुद्दा त्यात पहिल्याच परिच्छेदात घालायचा आहे.