सुटलेली गाडी पुढे गाठताना

"गाडी डोळ्यांसमोर सुटली तर टॅक्सी करून पुढच्या स्टेशनवर पकडता येते का?"

येते, पण लगेचच्या स्टेशनामागे धावू नका, गाडी जास्त वेळ उभी राहते ते स्टेशन धरा. माझी ९:१० ला सुटली. पहिला थांबा ४० किमीवर, ९:५० ला, तोही दोनच मिनिटं. टॅक्सी मिळून शहराबाहेर पडेपर्यंतच पावणेदहा झाले, म्हणजे तो गेलाच. दुसरा थांबा जंक्शनचा, तिथे इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात म्हणून गाडी १०:५० ते ११:१५ उभी असते, शिवाय रूळ वळसा घेऊन जातात आणि रस्ता बराच सरळ आहे. उरलेले ७० किमी ताशी साठने धरले तर १०:५५ ला पोचायला हवं होतं, पण वाटेत रेल्वे फाटक बंद मिळालं आणि ११:०३ झाले. हाताशी राहिलेल्या बारा मिनिटांत पूल चढून प्लॅटफॉर्म गाठला आणि समोर आला त्या डब्यात चढलो, आपला डबा शोधत पळणं तेव्हा परवडत नाही, आतून चालत जाता येतं.

दोन थांब्यांमधे मोठा हॉल्ट किंवा वळसा नसेल तर नाद सोडा, वेगाची गाडी रस्त्याने हाती लागत नाही. आणि सोबतचं कुणी आत असेल तर निघतानाच फोन करून टीसीला सांगायला लावा की हा प्रवासी पुढे चढणार आहे, नाहीतर रिकामी दिसलेली सीट वेटिंगवाल्याला दिली जाऊ शकते.