मदत हवी आहे: अडीअडचणीसाठी नेमके किती पैसे बाजूला ठेवू, आणि पतसंस्थेतच राहू देऊ का?

सीएनसीवाला_वाळूज
नमस्कार मंडळी. वाळूजला एका व्हेंडर कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, आठ वर्षं झाली. हातात ३१ हजार येतात, त्यातले सात हजार ओटीचे. बायको घरून डबे देते. चौदा डबे आहेत, खर्च जाऊन नऊ हजार उरतात. मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या शेडमधली लाइन बंद झाली, तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे.

सगळे म्हणतात सहा महिन्यांचा पगार बाजूला असावा. म्हणजे १ लाख ८६ हजार. माझे १ लाख ६० हजार गल्लीतल्या पतसंस्थेत ११ टक्क्यांनी मुदत ठेवीत आहेत. म्हणजे थोडेच कमी पडतात ना? तिथेच वाढवत जाऊ का?

लातूरचा_पव्हणा
११ टक्के मिळायलेत तर हलवू नका. ५ लाखांपर्यंत विमा असतोय, सरकारनं नियमच केलाय. बिनधास्त राहा.

कॅशियरताई
पव्हणे, अर्धंच बरोबर. ५ लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनासुद्धा. २०२० पर्यंत तो १ लाख होता. पतसंस्था ही बँक नाही, तिला तो लागू नाही. पाटीवर काय रंगवलंय त्याला अर्थ नसतो.

लातूरचा_पव्हणा
असं आहे व्हय. आमच्या इथं तर मॅनेजर छातीठोक सांगतोय, विमा आहे म्हणून.

मोंढ्यातला_मुनीम
जागेचं नंतर बघू, आधी आकडा. पगाराला सहानं गुणून उपयोग नाही. नोकरी गेल्यावर घरातून पगार बाहेर जात नाही, खर्च जातो. सीएनसीवाले, दर महिन्याला चुकवता येतच नाही असं काय काय आहे ते सांगा. वर्षातून एकदा येणारंही सांगा, लोक तेच विसरतात.

सीएनसीवाला_वाळूज
घराचा हप्ता ९,४००. किराणा, दूध, भाजी, गॅस मिळून साडेआठ हजार. लाइट, पाणी, मोबाइल १,९००. पोरीची व्हॅन आणि शिकवणी १,८००, पेट्रोल दीड हजार, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,४००. झाले २४,५००.
वर्षाचं म्हणाल तर शाळेची फी १८ हजार, टर्म इन्शुरन्स आणि गाडीचा विमा ९ हजार, आणि जूनमध्ये गावाकडे बी-खताला १५ हजार द्यावे लागतात.
२ हजारांची भिशी पण आहे, पण ती तर बचतच झाली ना?

मोंढ्यातला_मुनीम
भिशी उचलली का अजून बाकी आहे?

सीएनसीवाला_वाळूज
मार्चमध्ये उचलली. सात हप्ते राहिलेत.

मोंढ्यातला_मुनीम
मग ती बचत नाही, कर्ज आहे. नोकरी गेली म्हणून भिशीवाले थांबणार नाहीत. सात महिन्यांनी हा खर्च गळेल, तोवर धरायचा.
वर्षाचे ४२ हजार, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. सगळं मिळून ३० हजार झाले.

आता मिळकत. ओटी बंद झाली तरी २४ आणि ९ मिळून ३३ हजार येतात, घर कसंबसं चालतं. तेवढ्यासाठी फंड लागत नाही. फंड लागतो तो पगारच थांबला तर. तेव्हा वहिनींचे नऊ हजार येत राहतील असं धरलं तर महिन्याला २१ हजारच कमी पडतात. पण एक विचारतो, डबे कोणाला जातात?

सीएनसीवाला_वाळूज
नऊ डबे आमच्याच कंपनीतल्या पोरांना, बाहेरगावची आहेत, खोली करून राहतात. पाच कॉलेजच्या मुलांना.

मोंढ्यातला_मुनीम
तिथंच गोम आहे. कंपनीला टाळं लागलं तर ती पोरंही गावाला जाणार. दोन कमाया दिसतात, पण निम्म्याहून जास्त डबे त्याच गेटवर अवलंबून आहेत. पाच डब्यांचे तीन हजार धरा. म्हणजे महिन्याला २७ हजारांची खोट.

किती महिने, हे तुमच्या धंद्यावर आहे. शेजारच्या शेडमधल्यांना दुसरी नोकरी लागायला किती दिवस गेले ते विचारून बघा. मी चार महिने धरतो, वर पहिला पगार हातात येईपर्यंत एक. पाच महिन्यांचे १ लाख ३५ हजार. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच जातो, म्हणून ४० हजार वेगळे. १ लाख ७५ हजार झाले. तुमच्या आकड्याच्या जवळ आलं, पण तो योगायोग समजा. डबे सगळे कॉलेजात जात असते तर हेच १ लाख ४५ हजारांवर आलं असतं.

सोयाबीन_आणि_तूर
परभणीचा शेतकरी आहे. आम्हाला पगारच नाही, मग आम्ही किती महिने धरायचे?

मोंढ्यातला_मुनीम
तुमचं गणित महिन्यात नाही, हंगामात. एक पीक हातचं गेलं तर पुढचं विकेपर्यंत घरखर्च आणि पुढची पेरणी. वेगळा धागा काढा, इथं गुंता होईल.

सोयाबीन_आणि_तूर
काढतो. पण पतसंस्थेचं सांगून ठेवतो. आमच्या गावात एक होती. आधी "सर्व्हर डाउन" अशी चिठ्ठी लागली, मग पाच हजारांच्या वर देईनात, मग शटर. बहिणीच्या लग्नाचे होते. पावती अजून कपाटात आहे.

लातूरचा_पव्हणा
सगळ्या तशा नसतात राव. आमची वीस वर्षांपासून चांगली चालायली.

कॅशियरताई
नसतात, खरं आहे. पण बाकीची बचत आणि हे पैसे यांत फरक आहे. हे पैसे मागितल्या दिवशी मिळाले पाहिजेत. आजच जाऊन ठेव मुदतीआधी मोडायची म्हणा आणि काय उत्तर येतं ते बघा.

ठेवायचे कुठे, तर महिन्याभराचे ३० हजार साध्या बचत खात्यात. बाकीच्याची एकच मोठी एफडी करू नका, २५-३० हजारांच्या पाच-सहा करा. गरज पडली तर एकच मोडायची, बाकीच्यांचं व्याज चालू राहतं. मुदतीआधी मोडल्यावर व्याज थोडं कापतात, मुद्दल नाही. फक्त पाच वर्षांची कर वाचवणारी एफडी घेऊ नका. काउंटरवर दर आठवड्याला कोणीतरी ती मोडायला येतं आणि ती मोडता येत नाही.
खातं दोघांच्या नावावर ठेवा. मुदतीआधी मोडायला एकाची सही चालेल का, ते उघडतानाच फॉर्मवर लिहून घ्या.

शेअरवाला_नांदेड
एफडीपेक्षा लिक्विड फंड टाका. सात दिवसांनंतर एक्झिट लोड नाही, पैसे लगेच.

कॅशियरताई
"लगेच"ला मर्यादा आहे. तत्काळ मिळतात ते दिवसाला ५० हजार किंवा शिलकीच्या ९० टक्के, जे कमी असेल ते, आणि तेही ज्या फंडात ती सोय असेल त्यातच. बाकीचे पुढच्या कामाच्या दिवशी. शनिवारी रात्री ॲडमिट करायची वेळ आली तर सोमवारनंतर. थोडे ठेवायला हरकत नाही, सगळे नको.

मोंढ्यातला_मुनीम
एक भर. घराचा हप्ता ज्या बँकेतून कटतो तिथं हे ठेवू नका. ऑटो स्वीप असेल तर हप्त्याच्या तारखेला बँक तुमची एफडी आपोआप मोडून घेईल. त्या महिन्यात आधी आईच्या गोळ्या की हप्ता, हे तुम्हाला ठरवता आलं पाहिजे.

कॅशियरताई
मला हे पटत नाही. हप्ता चुकला की दंड लागतो, सिबिल बिघडतं आणि पुढचं कर्ज अडतं. आपोआप कटला तर बरंच.

मोंढ्यातला_मुनीम
एखादा हप्ता चुकेल हे मान्य. पण दवाखान्यात हातात रोकड नसण्यापेक्षा ते परवडलं.

सीएनसीवाला_वाळूज
आज सुट्टी होती, जाऊन आलो. १० हजार मागितले तर लगेच मोजून दिले. सगळी ठेव मोडायची म्हटल्यावर मॅनेजरनी चहा मागवला आणि म्हणाले, "दिवाळीनंतर बघू की, एवढी काय घाई." लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. १५ दिवसांनी परत जातो. बायको म्हणते, कॉलेजकडचे अजून चार डबे मिळतात का बघते.