आलेलं उत्तर आधी जसंच्या तसं साठवायचं की थेट साफ करून टेबलात टाकायचं?

भावफलक
कळमन्याच्या बाजाराचे धान्य-भाजीचे भाव आम्ही दर तासाला एका साइटवरून ओढतो, साफ करतो आणि Postgres मध्ये टाकतो. मागच्या महिन्यात एका रिफ्रेशपासून तूर ७ रुपये क्विंटल दिसायला लागली. लक्षात येईपर्यंत बरेच दिवस गेले. साइट फक्त शेवटच्या ३ दिवसांचे भाव देते, म्हणून त्याआधीचे परत मिळाले नाहीत. आता टीममध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो, आलेलं उत्तर हात न लावता आधी फायलीत ठेवा, मग काय ते करा. दुसरा म्हणतो हा फुकटचा पसारा आहे, त्यापेक्षा तपासण्या नीट लावा. तुम्ही काय करता?

धरमपेठ_डेटा
साठवा. तूर ७ वर आली म्हणजे बहुतेक साइटने एके दिवशी 7250 हा आकडा "7,250" असा स्वल्पविरामासह मजकूर म्हणून द्यायला सुरुवात केली असणार, आणि तुमच्या कोडमध्ये पहिले सलग अंक उचलणारं `\d+` असणार. एक खूण तपासा: किमान 6,900, कमाल 7,400 आणि सर्वसाधारण 7,250 असेल तर टेबलात ६, ७ आणि ७ आलं असेल. हजाराच्या आतला माल मात्र अगदी बरोबर असेल. म्हणूनच कुणाला कळलं नाही. ओळींची संख्या तीच, रिकामा रकाना एकही नाही, प्रकारही आकडाच.

अशा वेळी मूळ उत्तर हाताशी असतं तर एक ओळ दुरुस्त करून सगळे दिवस परत चालवले असते. साठवणं म्हणजे फार काही नाही:

```python
r = requests.get(url, params=p, timeout=30)
with gzip.open(path + ".part", "wb") as f:
    f.write(r.content)
os.replace(path + ".part", path)
r.raise_for_status()
```

यात क्रम महत्त्वाचा. `raise_for_status()` आधी लिहिलं तर ५०० चं पान कधीच साठत नाही, आणि नंतर भांडण होतं तेव्हा नेमकं तेच पान हवं असतं. शेवटी `os.replace` आहे ते अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण समजून वाचली जाऊ नये म्हणून. शेजारी एक छोटी फाइल ठेवा, तिच्यात पत्ता, पॅरामीटर, स्टेटस, `Content-Type` आणि आणल्याची वेळ.

चिकित्सक
मी दुसऱ्या तटाचा. वर्षभराच्या फायली जमवायच्या आणि वर्षातून एकदा त्यातल्या चार उघडायच्या, हा काय व्यवहार? तुरीचा आजचा भाव गेल्या आठवड्याच्या मधल्या भावाच्या निम्म्यापेक्षा खाली गेला तर रिफ्रेश थांबवा आणि फोन वाजवा, एवढी एक तपासणी पुरली असती. ज्याला पार्सर नीट लिहिता येत नाही तोच कच्चा माल साठवत बसतो.

धरमपेठ_डेटा
तपासणी हवीच, त्यात वाद नाही. पण तिचं काम चुकीचा भाव टेबलात जाऊ न देणं एवढंच. बरोबर भाव ती कुठून आणणार? शुक्रवारी रात्री फोन वाजला, तुम्ही गावाला गेलेले, मंगळवारी दुरुस्ती केली, तोवर साइटवरून शुक्रवार गेला. मूळ फाइल असेल तर शुक्रवारही भरता येतो. आणि वरचा पार्सर वाईट नव्हताच, ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी तो बरोबर होता.

वर्धा_रोडवाला
का बाप्पा एवढं डोकं लावून राह्यले? आमच्या दुकानाच्या सॉफ्टवेअरचा रोज रात्री `pg_dump` होते, पेनड्राइव्हवर जाते, विषय संपला. बिघडलं तर कालचा चढवायचा.

भावफलक
भाऊ, आमचाही `pg_dump` रोज होतो. त्यातही ७ रुपयेच आहेत. शिवाय प्रत्येक रिफ्रेशमध्ये ३ दिवसांचे भाव येतात आणि आम्ही जुन्या ओळींवरच लिहितो, म्हणजे पहिल्याच बिघडलेल्या रिफ्रेशने आधीचे दोन चांगले दिवसही खाल्ले. बॅकअप आम्ही आठवड्याचेच ठेवतो. चांगला बॅकअप केव्हाच पुसला गेला होता.

वर्धा_रोडवाला
अरे हो, तुमचा माल बाहेरून येऊन राह्यला. आमच्याकडं तर बिलं आम्हीच बनवतो. मग बरोबर आहे तुमचं.

इतवारी_कोडर
फायलींची काही गरज नाही. त्याच Postgres मध्ये एक `jsonb` रकाना ठेवा, उत्तर त्यात टाका. शोधताही येतं, बॅकअपही एकच. आम्ही हेच करतो आणि मस्त चाललंय.

धरमपेठ_डेटा
दिशा बरोबर आहे, रकाना चुकला. `jsonb` आलेला मजकूर तसाच ठेवत नाही. मोकळ्या जागा आणि कळींचा क्रम जातो, आणि एकच कळ दोनदा आली तर शेवटची राहते, पहिली गप्प गळते. पण खरी अडचण याहून मोठी आहे. साइट देखभालीला गेली की कित्येकदा २०० स्टेटससह HTML चं पान पाठवते. ते JSON नाही, म्हणून `jsonb` मध्ये शिरतच नाही, INSERT फसतो. ज्या दिवशी मूळ उत्तर बघायची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी तुमच्याकडे काही नसतं. Postgres मध्येच ठेवायचं असेल तर `bytea` घ्या.

तोच न्याय `r.text` ला. साइटने `Content-Type: text/html` एवढंच सांगितलं आणि charset दिला नाही, तर requests ते ISO-8859-1 समजून उलगडतं. मग «कांदा» च्या जागी «à¤» असं काहीतरी दिसतं. यातून परत येता येतं, पण `r.content` साठवलं तर हा प्रश्नच उरत नाही. गंमत म्हणजे `r.content` सुद्धा अगदी तारेवरून आलेलं नसतं, gzip मधून आधीच सुटलेलं असतं. भावांसाठी तेवढं चालतं.

इतवारी_कोडर
HTML वालं पटलं. आमच्या लॉगमध्ये महिन्यातून दोन-तीनदा INSERT फसलेला दिसतो, आम्ही नेट गेलं समजून सोडून देत होतो. `bytea` बघतो, पण त्यात शोधता येणार नाही ना.

रामदासपेठ_ऑडिट
तुम्ही सगळे भावांबद्दल बोलताय म्हणून सोपं वाटतंय. आमच्याकडे शेतकऱ्यांच्या नोंदी येतात, प्रत्येक ओळीत नाव आणि मोबाइल. टेबलात आम्ही मोबाइल ठेवतच नाही, पार्सर तो गाळतो. मूळ उत्तर साठवलं की तो मागच्या दाराने आत आला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माणूस आपली माहिती खोडायला सांगू शकतो. उद्या कुणी सांगितलं तर हजारो gzip फायली उघडून एक नंबर कसा खोडणार? आणि खोडला तर ती फाइल मूळ कुठे राहिली?

धरमपेठ_डेटा
हा मुद्दा तोडता येत नाही. तुमच्या ठिकाणी मी मूळ फायली थोडेच दिवस ठेवीन, बिघाड लक्षात यायला जेवढा वेळ लागतो तेवढे, वेगळ्या कुलपाखाली, आणि पुढे आपोआप पुसल्या जातील असं बघीन. आणखी एक: काही लोक उत्तराबरोबर विनंतीचे हेडरही साठवतात. त्यात `Authorization` असतो. तो गाळूनच लिहा, नाहीतर भाव जपायच्या नादात टोकन फायलीत पडून राहील.

भावफलक
स्वल्पविरामाचा अंदाज बरोबर निघाला. ६, ७, ७ असंच आहे आणि कोथिंबीर पूर्ण बरोबर आहे! परवापासून साठवायला सुरुवात केली. एक उत्तर साधारण ४०० केबी, gzip करून ४० च्या आसपास. दिवसाला २४, म्हणजे एक एमबीच्या आत. पसाऱ्याचा वाद त्यात संपला. पण काल सरावासाठी परवाच्या फायली परत चालवल्या तर परवाचे सगळे भाव कालच्या तारखेवर पडले. सुदैवाने टेस्टच्या टेबलात.

धरमपेठ_डेटा
पार्सरमध्ये कुठेतरी `date.today()` आहे. साइट पहिल्या दिवसाला नुसतं «आज» म्हणत असेल आणि तुम्ही घड्याळ बघून तारीख लावत असाल. पार्सरला घड्याळ दाखवायचंच नाही. आणल्याची वेळ शेजारच्या फायलीतून द्या, म्हणजे तीच फाइल आज चालवा की दिवाळीनंतर, उत्तर एकच येईल.

फाइलचं नाव `20250114T223000Z` अशा धाटणीचं ठेवा, म्हणजे नुसतं नावाने लावलं तरी क्रम बरोबर लागतो. क्रम हवा कारण नंतरचं उत्तर आधीच्याला झाकतं, तुमच्याकडे ३ दिवस पुन्हा पुन्हा येतात. फक्त शेवटचा Z विसरू नका, ती UTC वेळ आहे. वरची फाइल आपल्याकडे १५ तारखेच्या पहाटे ४ ची. «आज» ची तारीख काढताना आधी साडेपाच तास मिळवा, नाहीतर पहाटेचे सगळे रिफ्रेश आदल्या दिवशी जातील.

आणि परत चालवताना चालू टेबलाला हात लावू नका. शेजारी नवं टेबल भरा, दोन्हींतला फरक काढा. फरक फक्त हजारावरच्या मालात आणि फक्त बिघडलेल्या दिवसांत दिसला पाहिजे. कोथिंबीर बदललेली दिसली तर तुमच्या दुरुस्तीतच काहीतरी गडबड आहे, तिथेच थांबा.

चिकित्सक
ठीक, एक एमबीला मी हरकत घेणार नाही. पण हे औषध एकाच रोगावर चालतं, तुमचा कोड चुकला तर. साइटच चुकली तर? संत्र्याचा भाव बाजारात टनावर बोलतात, क्विंटलच्या रकान्यात टनाचा आकडा बसला की दहापट. त्याची मूळ फाइल कितीही जपा, परत चालवलं तर दहापटच येणार.

धरमपेठ_डेटा
येणारच, मान्य. पण आकडा तुम्ही दहापट केलात की साइटनेच दिला, हे त्या फायलीशिवाय कुणाला सांगणार? साइटवाल्यांना फोन केला तर पहिला प्रश्न तोच येतो.

चिकित्सक
आणि ते म्हणणार, आमच्याकडे तर आता बरोबर दिसतंय.

रामदासपेठ_ऑडिट
म्हणूनच विचारतेय, दिवस नेमके किती? बिघाड लक्षात यायला तुम्हाला बरेच दिवस लागले, आमच्याकडे तिमाही ताळमेळ होईपर्यंत कळत नाही. म्हणजे ९० दिवस तरी हवेत, आणि ९० दिवस मोबाइल नंबर ठेवायला आमचे वकील तयार नाहीत.

भावफलक
आमच्यात नंबर नाहीत, आम्ही सध्या काहीच पुसत नाही. साठवण्याआधी तुम्ही मोबाइलचा रकाना गाळला आणि बाकी हात लावला नाही तर?

रामदासपेठ_ऑडिट
गाळायला आधी पार्स करावं लागेल. आणि रकान्याचं नाव बदललं की तोच गाळणारा कोड चुकणार. सोमवारी पुन्हा बैठक आहे, बघू.