मदत हवी आहे: वर्तमानकाळातल्या कादंबरीत पुढची चाहूल कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. माझी कादंबरी वर्तमानकाळात चालली आहे. सुमनचं गाव धरणाखाली जातंय. 'सुमन दार उघडते. उंबऱ्याशी पाणी.' तिला जेवढं कळतं तेवढंच वाचकाला कळतं, म्हणून धास्ती टिकते आणि जवळीकही वाढते. भूतकाळात लिहिलं की कोणीतरी घडून गेलेलं सांगतंय, शेवट ठरलेला आहे, असं जाणवत राहतं.

पण 'हे घर ती शेवटचंच पाहत होती, हे तिला ठाऊक नव्हतं' असं वाक्य आता लिहिता येत नाही. लिहिलं तर निवेदक भविष्यातून डोकावतो आणि ताण सैल होतो. शिवाय 'सुमन पहाटे उठते, चूल पेटवते' हे आजचं की रोजचं? 'उठतेय, पेटवतेय' केलं तर पानभर तोच ठेका कानाला खटकतो.

हिलरी मँटेल यांची 'वुल्फ हॉल' (२००९) ही ऐतिहासिक कादंबरीही वर्तमानकाळात आहे, पण तिथला इतिहास वाचकाला आधीच माहीत असू शकतो. सुमनचं पुढे काय होणार, ते माझ्या वाचकाला ठाऊक नाही. मग चाहूल भिंतीवर चढणाऱ्या ओलीतून, नोटिशीवरच्या तारखेतून द्यावी, की आठवणींची प्रकरणं भूतकाळात लिहून त्यांतून? असं लिहिलेल्यांनी आपला अनुभव जरूर सांगा.