गजकर्णावरची ट्यूब: खाज गेली म्हणजे बुरशी गेली असं नाही

"पाच वर्षांच्या मुलाच्या पोटावर गजकर्ण आहे. दुकानातून आणलेल्या ट्यूबने खाज दोन दिवसांत गेली, बंद केल्यावर परत आली. तीच लावू का?"

नको, ताई. आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं, तर त्यात स्टेरॉइड आहे. ते त्वचेची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून खाज आणि लाली लगेच उतरते, पण बुरशी आत पसरतच राहते. कडा पुसट होते, चट्टा मोठा होतो, कधी एका कड्यात दुसरं कडं उमटतं. मग डॉक्टरांनाही ओळखायला कठीण जातं. शिवाय लहान मुलांची कातडी नाजूक, ती लवकर पातळ पडते.

फक्त क्लोट्रिमाझोल १ टक्का असलेलं क्रीम घ्या. रुपयाच्या नाण्याएवढ्या चट्ट्याला तुरीच्या दाण्याएवढं पुरतं. जागा धुऊन नीट कोरडी करा आणि दिवसातून दोनदा लावा. कडेच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंतही लावा, कारण बुरशी बाहेरच्या बाजूला वाढते आणि तिथली त्वचा अजून चांगलीच दिसत असते.

साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर लावत राहा. बहुतेक जण इथेच चुकतात. दोन आठवड्यांत फरक नसेल, किंवा डोक्यात केस गळून चट्टा पडला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. डोक्यातल्या गजकर्णाला नुसतं क्रीम पुरत नाही, पोटातून औषध लागतं.